ज्येष्ठ नागरिकांचा प्राप्तिकर : वाढीव करमुक्त मर्यादा आणि ठेवींच्या व्याजाची वजावट

भारतात वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या निवासी व्यक्तीला प्राप्तिकरात वयामुळे ज्या सवलती मिळतात, त्यांतल्या दोन सर्वांत परिचित आहेत. पहिली म्हणजे कर सुरू होण्यापूर्वीची वाढीव उत्पन्नमर्यादा आणि दुसरी म्हणजे बँक किंवा टपाल खात्यातल्या ठेवींच्या व्याजातून मिळणारी ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट. दोन्ही फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. या नोंदीतले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे आहेत. त्याच्या जागी आलेला २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो.

२०११ पर्यंत करखात्याच्या लेखी ज्येष्ठत्व ६५ व्या वर्षी येत असे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने ते ६० वर आणले आणि ८० वर्षांवरच्यांचा ‘अतिज्येष्ठ’ असा नवा गट करून त्यांना ५ लाखांची मर्यादा दिली. साठ ते ऐंशी या गटाची मर्यादा २०१४ मध्ये ३ लाख झाली. हे दोन्ही आकडे तेव्हापासून हललेले नाहीत. वय वर्षात कधीही पूर्ण झाले तरी सवलत संपूर्ण वर्षाला लागू होते. १ एप्रिलला जन्मलेल्यांची मात्र गंमत आहे. प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१६ च्या परिपत्रकानुसार त्यांचे वय आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मार्चला पूर्ण झाले असे धरतात. त्यामुळे एका दिवसाच्या फरकाने त्यांना आधीचे अख्खे वर्ष पदरात पडते.

सवलत निवासी व्यक्तीलाच आहे. मुलाकडे न्यू जर्सीला राहायला गेलेल्या आणि त्यामुळे कायद्याने अनिवासी ठरलेल्या आजोबांना वय ७८ असले तरी जुन्या प्रणालीत अडीच लाखांचीच मर्यादा लागते, आणि ठेवींच्या व्याजाची वजावटही मिळत नाही.

जुन्या प्रणालीत साठ ते ऐंशी वयोगटाला ३ लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २० टक्के आणि वर ३० टक्के असा दर आहे. शिवाय करावर ४ टक्के उपकर. एकूण करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. वाढीव मर्यादेची खरी किंमत इथेच कळते. सर्वसाधारण करदात्यापेक्षा ज्येष्ठाला ५०,००० रुपये जास्त करमुक्त मिळतात, पण ते ५ टक्क्यांच्या टप्प्यातले असतात. म्हणजे बचत २,५०० रुपयांची, उपकर धरून २,६००. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर सूट सर्वांनाच कर शून्य करून देते, म्हणून वयाचा हा लाभ तिथे दिसतच नाही. टप्प्यांच्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर अतिज्येष्ठाला तो जास्तीत जास्त १३,००० रुपयांचा होतो. सवलतीचा जेवढा गाजावाजा होतो, त्या मानाने रक्कम लहान आहे.

व्याजाची वजावट त्या मानाने वजनदार आहे. कलम ८०टीटीबी २०१८ च्या वित्त कायद्याने आले आणि २०१८-१९ च्या उत्पन्नापासून लागू झाले. साठीच्या आतल्या करदात्याला फक्त बचत खात्याच्या व्याजावर १०,००० रुपयांची वजावट आहे. ज्येष्ठाला ती बचत खाते, मुदत ठेव आणि आवर्त ठेव या सर्वांच्या व्याजावर मिळून ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. ही मर्यादा माणशी आहे, बँकेगणिक नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे तिने उपकरासह १०,४०० रुपये वाचतात, ३० टक्क्यांच्या टप्प्यात १५,६००. पती आणि पत्नी दोघेही ज्येष्ठ असतील आणि दोघांच्या ठेवी आपापल्या पैशातल्या असतील, तर दोघांना स्वतंत्र वजावट मिळते. पण नवऱ्याने आपली रक्कम बायकोच्या नावावर ठेवून दिली असेल, तर त्या व्याजावर कर नवऱ्यालाच भरावा लागतो. कोणत्या नावाने पावती आहे यापेक्षा पैसा कोणाचा, हे कायदा पाहतो.

कायद्यात तीनच ठिकाणांच्या ठेवी येतात : बँक, बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था आणि टपाल कार्यालय. महाराष्ट्रात हा भेद नीट समजून घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली नागरी सहकारी बँक यात बसते. पण गावोगावच्या नागरी पतसंस्था या बँका नव्हेत, आणि तिथल्या व्याजावर ८०टीटीबी मागणे धोक्याचे आहे. पाटी, काउंटर आणि पासबुक सारखेच दिसत असल्याने अनेक ठेवीदारांना हे नोटीस आल्यावर कळते. कंपन्यांच्या मुदत ठेवी, रोखे आणि डिबेंचर यांचे व्याजही बाहेर राहते. टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज मात्र वजावटीस पात्र आहे.

विवरणपत्रात व्याज आधी पूर्ण दाखवायचे आणि वजावट नंतर वेगळी घ्यायची असते. बरेच जण परस्पर ५०,००० वजा करून उरलेलेच लिहितात. बँकेने कळवलेली रक्कम वार्षिक माहिती विवरणात असल्याने ही तफावत लगेच उघडी पडते. मुदतीअखेर व्याज देणाऱ्या ठेवीचेही असेच होते. हातात पैसा येत नाही म्हणून व्याज दाखवायचे राहून जाते, पण बँक ते दरवर्षी जमा धरते आणि कळवतेही.

एक हिशेब पाहू. कराडचे ७२ वर्षांचे निवृत्त शिक्षक. निवृत्तिवेतन वर्षाला ५,४०,००० रुपये. बचत खात्याचे व्याज ८,०००, एकाच बँकेतल्या मुदत ठेवींचे १,१०,०००, टपाल कार्यालयातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत १० लाख आहेत त्यांचे ८.२ टक्क्यांनी ८२,००० आणि पतसंस्थेचे ३६,०००. व्याज एकूण २,३६,०००. जुन्या प्रणालीत निवृत्तिवेतनातून ५०,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ४,९०,००० उरतात, आणि व्याज मिळवून सकल उत्पन्न ७,२६,००० होते. पात्र व्याज २ लाख असल्याने ८०टीटीबीचे ५०,००० पूर्ण मिळतात, त्यासाठी पतसंस्थेचे व्याज धरावेच लागत नाही. त्यांनी कर वाचवण्यासाठी पाच वर्षांच्या ठेवीत दीड लाख अडकवले आहेत आणि आरोग्य विम्याचा हप्ता २६,००० भरला आहे. सगळे वजा जाता उत्पन्न बरोबर ५ लाख. कर १०,०००, त्यावर तितकीच सूट, म्हणजे शून्य.

आता समजा, गेल्या वर्षीच्या कर परताव्याबरोबर आलेले ३,००० रुपयांचे व्याज ते विसरले. ते ठेवीचे व्याज नाही, म्हणून वजावटीत येत नाही, आणि ती मर्यादा तर आधीच भरलेली आहे. उत्पन्न ५,०३,००० झाले की सूट पूर्णच जाते. कर १०,६०० आणि उपकर ४२४, मिळून ११,०२४ रुपये. तीन हजारांसाठी अकरा हजार! जुन्या प्रणालीत या कड्याशी आधार देणारी सीमांत सवलत ठेवलेली नाही. ८०टीटीबी घ्यायचीच राहिली असती तर उत्पन्न ५,५०,००० आणि कर २०,८०० झाला असता.

याच शिक्षकांनी नवी प्रणाली घेतली तर काय होते? तिथे वयाची वाढीव मर्यादा नाही आणि व्याजाची वजावटही नाही. पण सर्वांनाच ४ लाखांपर्यंत कर नाही, निवृत्तिवेतनातून ७५,००० वजा होतात आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. शिक्षकांचे उत्पन्न ७,०१,००० येते, कर शून्य. दीड लाख अडकवावे लागत नाहीत आणि तीन हजारांच्या विसराळूपणाने काही बिघडत नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते. ज्यांचे उत्पन्न निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच आहे आणि १२ लाखांच्या आत आहे, त्यांनी ‘ज्येष्ठांची सवलत जाईल’ या धास्तीने जुन्या प्रणालीला चिकटून राहण्यात अर्थ नाही.

वाढीव मर्यादा खरी कामाला येते ती भांडवली नफ्याच्या वर्षी. ८२ वर्षांच्या आजींना ठेवींचे ३,५०,००० व्याज आहे आणि त्यांनी जुना प्लॉट विकल्याने ३० लाखांचा दीर्घकालीन नफा झाला आहे. इंडेक्सेशनची तुलना करून १२.५ टक्क्यांचा दरच परवडला असे धरू. जुन्या प्रणालीत व्याजातून ५०,००० जाऊन ३ लाख उरतात. ५ लाखांच्या मर्यादेतले शिल्लक २ लाख निवासी व्यक्तीला नफ्यातून वजा करता येतात, म्हणून कर २८ लाखांवर, ३,५०,००० रुपये. नव्या प्रणालीत व्याज पूर्ण धरून ४ लाखांतले ५०,०००च उरतात आणि कर २९,५०,००० वर, ३,६८,७५० रुपये. सूट दोन्हीकडे मिळत नाही. उपकरासह १९,५०० रुपयांचा फरक जुन्या प्रणालीच्या बाजूने पडतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्याला ही निवड विवरणपत्रातच करता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. उशीर झाला की नवी प्रणाली गळ्यात पडते.

उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, हा वेगळा विषय असून वजावटीशी त्याची सतत गल्लत होते. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठाला एका बँकेकडून वर्षाला मिळणारे ठेवींचे व्याज १ लाखाच्या वर गेले की बँक १० टक्के कापते, आणि कापते ती पूर्ण व्याजावर. सर्व शाखांचे व्याज एकत्र मोजतात, बचत खात्याचे धरत नाहीत. वरच्या शिक्षकांच्या १,१०,००० वर ११,००० कापले जातील. कर शून्य येणार असेल तर एप्रिलमध्येच बँकेला फॉर्म १५एच द्यावा, तोही प्रत्येक बँकेला वेगळा. कापले नाही म्हणजे ते व्याज करमुक्त झाले असे नव्हे, आणि कापले गेले तरी विवरणपत्र भरून ते परत मिळते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठाला आगाऊ कराचे हप्तेही भरावे लागत नाहीत. जो काही कर निघेल तो विवरणपत्राआधी एकरकमी भरला तरी चालतो.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना कलम १९४पी ने विवरणपत्रातूनही मोकळीक दिली आहे. मात्र त्यासाठी उत्पन्न निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच हवे, आणि व्याज निवृत्तिवेतन जमा होते त्याच निर्दिष्ट बँकेतले हवे. फॉर्म १२बीबीए भरून दिल्यावर बँकच वजावटी आणि सूट धरून कर कापते. दुसऱ्या बँकेत किंवा पतसंस्थेत एखादी छोटी ठेव असली, तरी ही मोकळीक लागू होत नाही.