अर्थांतर: प्रश्नाबाहेरच्या चांगल्या निबंधाचे मूल्यमापन

आंब्यांविषयी विचारले असता कोविदार वृक्षांचे वर्णन करू लागणारा मनुष्य पतंजलीच्या महाभाष्यात उपहासाचा विषय झालेला आहे. कोविदारांचे वर्णन सुंदर असेल तर काय करावयाचे, याचा विचार तेथे नाही, कारण वैयाकरणाच्या दृष्टीने तो मुद्दाच उद्भवत नाही. न्यायसूत्रांनी वादातील पराभवाची जी बावीस स्थाने सांगितली, त्यांत सहावे ‘अर्थांतर’ हे आहे. प्रस्तुत विषय सोडून त्याच्याशी असंबद्ध असे काही बोलू लागणारा वादी तेथेच हरतो. त्याचे बोलणे व्याकरणशुद्ध होते, ओघवते होते, म्हणून त्याला अर्धे यश देण्याची सोय त्या व्यवस्थेत नाही.

परीक्षेची व्यवस्था मात्र गुणांची आहे, जयपराजयाची नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परीक्षकापुढे किंवा राज्य मंडळाच्या लातूर विभागातील नियामकापुढे प्रश्न सोडून गेलेला एखादा सुरेख निबंध येतो, तेव्हा त्याला शून्य आणि वीस यांमधला कोणता तरी आकडा लिहावाच लागतो. तो आकडा ठरवताना मराठीतल्या परीक्षकाची होणारी ओढाताण केवळ त्याच्या स्वभावातून येत नाही. ‘निबंध’ या शब्दाने मराठीत दोन वेगळ्या गोष्टी दर्शविल्या, आणि परीक्षेने त्या दोहोंचा वारसा एकदम स्वीकारला, हे तिचे मूळ आहे.

धर्मशास्त्रातील निबंध म्हणजे विषयवार बांधलेला संग्रह. बांधणे हाच तेथे धात्वर्थ आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा या शब्दाला वादाची धार आली, परंतु विषयाशी असलेली बांधिलकी सुटली नाही. मालेतला निबंध कितीही आडवळणे घेवो, प्रतिपक्ष कोण आणि मुद्दा कोणता हे वाचकाला माहीत असते. पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध रुजवला, आणि त्याच शब्दाच्या पोटी नेमका उलटा संकेत जन्माला आला. विषय हे निमित्त, त्यापासून दूर जाण्याची ऐट हाच गुण. हा लघुनिबंध शालेय क्रमिक पुस्तकांत गेला. ज्या विद्यार्थ्याने वर्गात भटकंतीचे सौंदर्य शिकले, त्याच विद्यार्थ्याची उत्तरपत्रिकेत भटकल्याबद्दल झाडाझडती होऊ लागली. यातला अन्याय फारसा कोणी बोलून दाखवलेला नाही.

मराठवाड्यात या ओढाताणीला आणखी एक पदर आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९४८ नंतर ते इंग्रजी झाले. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली निघाले ते उस्मानियाच्याच कक्षेत. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला आले आणि नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ १९९४ साली. शिकवणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी मराठीतून शास्त्रीय विषयावर सलग चार पाने लिहिणे हेच एक मिळवलेले धन मानले. ज्यांच्या घरात ते धन पहिल्यांदाच येत होते, अशा विद्यार्थ्याच्या चांगल्या गद्यावर परीक्षकाचे मन लोभावते ते यामुळे. हा लोभ समजण्यासारखा आहे, पण तो गुणांचा आधार होऊ शकत नाही.

एक नमुना कल्पून पाहणे येथे उपयोगी पडेल. समजा, एम. ए. मराठीच्या पत्रिकेत वीस गुणांचा प्रश्न असा आहे: ‘हैदराबाद संस्थानातील शिक्षणमाध्यमाच्या धोरणाचा मराठवाड्यातील मराठी वाङ्मयाच्या वाढीवर काय परिणाम झाला, याची चर्चा करा.’ उत्तर साडेचार पानांचे आहे. त्यात स्टेट काँग्रेसचा लढा आहे, रझाकारांचा काळ आहे, ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली तो प्रसंग आहे, आणि सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस कारवाईने निबंध संपतो. उमरी ही नांदेड जिल्ह्यातलीच असल्याने त्या भागाच्या निवेदनात ऐकीव आठवणींचा ताजेपणा आहे. वाक्ये नेटकी आहेत, तपशील बरोबर आहेत. मध्ये एक परिच्छेद १९२१ च्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेवर आणि १९३५ च्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेवर आहे, आणि सरकारी शाळांबाहेर मराठीतून शिकण्याची जागा कशी निर्माण झाली हे तो चांगले सांगतो. वाङ्मयावर एक ओळही नाही.

पहिला परीक्षक याला तेरा देतो, दुसरा सहा. सरासरी साडेनऊ येते, आणि दोघांच्या मताचा मान राखल्याचे समाधान मिळते. परंतु या सरासरीला अर्थ नाही. एकाच लांबीचे माप दोघांनी थोड्याफार फरकाने घेतले असते तर सरासरीने चूक कमी झाली असती. येथे एकाने विद्यार्थ्याची लेखनशक्ती मोजली आणि दुसऱ्याने प्रश्नाची पूर्तता. लांबी आणि वजन यांची बेरीज करून दोनने भागावे तसा हा प्रकार आहे.

परीक्षकांतील फरकाचा अभ्यास जुना आहे. फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांच्या १९३५ च्या पाहणीत इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या होत्या. मूळ परीक्षेत त्या सर्वांना एकच गुण मिळालेले होते. चौदा परीक्षकांनी त्या सुमारे वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने दोनदा तपासल्या, तेव्हा २१० निर्णयांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तराला वेगळी श्रेणी दिली. हार्टॉग हे कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे सदस्य आणि ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, म्हणजे भारतीय परीक्षेशी त्यांचा परिचय दुरून झालेला नव्हता. या आकड्याचा उपयोग बहुधा परीक्षेवरचा विश्वास उडवण्यासाठी केला जातो. त्यातून निघणारा अधिक उपयुक्त बोध वेगळा आहे: काय मोजावयाचे हे आधी लिहून न ठेवणारा परीक्षक स्वतःशीसुद्धा सहमत राहत नाही. लेखनाला वाचक आणि हेतू नेमून दिल्याखेरीज ते तपासता येत नाही, असा आग्रह हार्टॉग यांनी १९०७ पासून धरला होता. परीक्षेत तो हेतू प्रश्नाच्या वाक्यातच असतो.

तेव्हा नमुन्याकडे परत येता, उत्तर वाचण्यापूर्वीच प्रश्नाचे अवयव मांडावयास हवेत. धोरण काय होते, त्याला मराठीभाषकांनी काय प्रतिसाद दिला, आणि लेखक, वाचक, मुद्रण, नियतकालिके यांवर त्याचा परिणाम काय झाला, हे तीन अवयव. प्रत्येकी चार धरून आशयाला बारा गुण, मांडणीला चार, भाषेला चार. ही वाटणी हे केवळ एक उदाहरण आहे, पण ती वाचनापूर्वी व्हावयास हवी, कारण सुंदर उत्तर वाचून झाल्यावर केलेली वाटणी नकळत त्या उत्तराच्या बाजूने झुकते. पहिल्या अवयवाला येथे काहीच मिळत नाही, दुसऱ्याला शाळांच्या परिच्छेदाबद्दल तीन, तिसऱ्याला शून्य. भाषेचे चारही गुण द्यावेत. भाषा प्रश्नावाचूनही तपासता येते आणि ती उत्तम आहे.

अवघड जागा मांडणीची आहे. निबंधाला क्रम आहे, चढण आहे, शेवट आहे, मग चारपैकी चार का नकोत? पण मांडणी म्हणजे कशाकडे तरी नेणारा क्रम. लढ्याच्या कथेला तो पोलीस कारवाईकडे नेतो, विचारलेल्या चर्चेकडे नेत नाही. परिच्छेदांची बांधणी हे हस्तकौशल्य म्हणून एक गुण द्यावा, त्याहून अधिक देणे म्हणजे आशयात नाकारलेले गुण मागच्या दाराने परत करणे होय. एकूण आठ होतात. उत्तीर्णतेला चाळीस टक्के धरले तर हा आकडा नेमका उंबरठ्यावर येतो, आणि म्हणूनच मांडणीचा तो एक गुण विनोदाचा विषय नाही.

आठ लिहिण्यापूर्वी आणखी एक पडताळा आवश्यक आहे. तोच प्रश्न घेतलेल्या इतर उत्तरपत्रिकांत किती जणांनी लढ्याचीच कथा सांगितली? शंभरातल्या दोघातिघांनी सांगितली असेल तर ती त्यांची चूक. तिसाचाळिसांनी सांगितली असेल तर प्राश्निकाचे वाक्य सदोष असण्याचा संभव मोठा आहे. ‘हैदराबाद संस्थान’ आणि ‘मराठवाडा’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की विद्यार्थ्याला मुक्तिसंग्राम दिसतो, हे प्राश्निकाने ओळखावयास हवे होते. अशा वेळी एकट्या परीक्षकाने उदार होणे बरोबर नाही. बाब नियामकाकडे नेऊन सर्वांसाठी एकच दुरुस्ती ठरवावी, नाही तर शेजारच्या गठ्ठ्यातल्या विद्यार्थ्याला त्याच चुकीची वेगळी किंमत मोजावी लागते.

उत्तर पाठ केलेले असेल, हा संशय नेहमी येतो. लातूरचे नाव सराव-परीक्षांच्या पद्धतीशी जोडले गेल्यापासून तो तिकडच्या उत्तरपत्रिकांवर जरा जास्तच घेतला जातो. वास्तविक घोकंपट्टीची तक्रार कलकत्ता आयोगाच्या वेळीही, म्हणजे १९१७-१९ मध्ये, होतच होती. पाठ केलेल्या निबंधाची खूण सांध्यांत दिसते: पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात प्रश्नातले शब्द जसेच्या तसे येतात, मधल्या पानांत ते नाहीसे होतात. प्रस्तुत नमुन्यात असा सांधा नाही, तेथे ‘धोरण’ आणि ‘वाङ्मय’ हे शब्द नजरेतून निसटलेले दिसतात. पण आशयाचे गुण दोन्ही प्रकारांत तेच राहतात. परीक्षकाला हेतू तपासण्याचा अधिकार नाही, आणि साधनही नाही.

याहून वेगळा, आणि अर्थांतरात न मोडणारा, प्रकार म्हणजे प्रश्नालाच आव्हान देणारे उत्तर. नांदेडच्याच नरहर कुरुंदकरांच्या कितीतरी लेखांत आरंभी मूळ प्रश्नाची मांडणीच तपासली जाते, आणि ती चुकीची का हे दाखवून लेखक आपला प्रश्न पुढे ठेवतो. विद्यार्थ्याने ‘वाङ्मयाची वाढ माध्यमावर अवलंबून नव्हती, राजकीय दडपशाहीवर होती’ असे म्हणून लढ्याची हकीकत सांगितली असती, तर तीच पाने पुरावा ठरली असती आणि त्यांना पूर्ण गुणांची दारे उघडी राहिली असती. दोन उत्तरांत फरक दोन-तीन वाक्यांचा. ज्या वाक्यांनी प्रश्न हातात घेऊन बदलला, ती वाक्ये पहिल्यात नाहीत.

हे सारे परीक्षकाच्या मनातच राहावे, अशी व्यवस्था दीर्घकाळ होती. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नियमांनी पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिकेचे दर्शन नाकारले होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम अवैध ठरवले, तर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली परितोष शेठ प्रकरणात ते पुन्हा वैध ठरवले. २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालाने माहिती अधिकाराखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला. पुनर्मूल्यांकनाचा हक्क त्याने दिला नाही. तेव्हा साडेचार पाने नेटके लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपली पत्रिका पाहता येते, आणि तीवर बहुधा एका वर्तुळात ‘८’ एवढेच असते. त्याच्या शेजारी ‘३ + १ + ४, वाङ्मयावरील परिणाम नाही’ एवढे लिहिण्यास परीक्षकाला अर्धे मिनिटही लागत नाही.