लोकानुनय, भूमिपुत्रवाद आणि कल्याण परिसरातील 2009 ची निवडणूक

मराठी राजकीय लेखनात 'पॉप्युलिझम' या संज्ञेसाठी 'लोकानुनय' हा शब्द रूढ झाला आणि त्यातूनच घोटाळा सुरू झाला. अनुनय म्हणजे मनधरणी. साहजिकच रोख लाभाची प्रत्येक योजना या सदरात टाकली जाते. 2024 मध्ये महायुतीच्या 'लाडकी बहीण' योजनेत दरमहा 1500 रुपये मिळत होते, तर महाविकास आघाडीने 3000 रुपयांचे आश्वासन दिले. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना सारखेच लागू पडणारे विशेषण विश्लेषणाच्या कामाचे नाही. कास मुडे यांच्या 2004 च्या व्याख्येत पैशाचा उल्लेखच नाही. 'निर्मळ जनता' विरुद्ध 'भ्रष्ट अभिजन' ही नैतिक विभागणी हा तिचा गाभा आहे.

कोपर-डोंबिवली पट्ट्यात ही व्याख्या तपासून पाहता येते. ऑक्टोबर 2008 मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने रेल्वे भरती परीक्षेविरुद्ध आंदोलन केले; 2009 मध्ये कल्याण पश्चिम व कल्याण ग्रामीण या विधानसभेच्या जागा तिने जिंकल्या. या यशाला सरसकट 'पॉप्युलिझम' म्हणणे घाईचे ठरेल. रेल्वे प्रशासन स्थानिकांना डावलते, हा आरोप वरच्या सत्तेकडे बोट दाखवतो. परंतु मारहाण झाली ती उत्तर भारतीय उमेदवारांना, म्हणजे त्याच पायरीवरील बेरोजगारांना. भाषणातून परप्रांतीय वगळून पाहावा: उरलेला युक्तिवाद प्रस्थापितांविरुद्ध उभा राहिला, तर तो पॉप्युलिझम, कोसळला, तर भूमिपुत्रवाद. येथे तो बहुतांशी कोसळतो.