सीताफळाचें इंग्रजी नांव

बीडहून केजकडे जाणाऱ्या वाटेवर, बालाघाटाच्या पठारावर नेकनूर हें गांव आहे. पावसाळा सरत आला म्हणजे या डोंगराळ मुलुखांत सीताफळांचे दिवस येतात. २०१६ सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनहि मिळालें. या फळास इंग्रजींत काय म्हणतात असें कोणासहि विचारलें तर 'कस्टर्ड ॲपल' हें उत्तर तत्काळ मिळेल. तें आपल्या देशापुरतें खरें आहे. परंतु वेस्ट इंडीज बेटांतील मनुष्य तेंच नांव ऐकून आपणांपुढें रामफळ आणून ठेवील!

गांवच्या नांवावरून थेट इंग्रजी नांवाकडे उडी घेतली म्हणजे असें होतें. मधली पायरी लॅटिन नांवाची आहे. ती गांठण्यास मराठी वाचकाचा जुना आधार म्हणजे मोल्सवर्थचा कोश. तो १८३१ सालीं प्रथम निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. झाडाझुडपांच्या नांवांपुढें केवळ 'एक वृक्ष' एवढें लिहून न थांबतां पुष्कळ ठिकाणीं लॅटिन संज्ञा देण्याची त्याची रीत आम्हांस फार मोलाची वाटते. मात्र हा कोश मुंबई इलाख्यांत तयार झाला, आणि नेकनूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. तेव्हां मराठवाड्यांतील एखादें नांव कोशांत सांपडलें नाहीं, किंवा सांपडूनहि तें दुसऱ्याच झाडाचें निघालें, तर नवल मानूं नये. म्हणून कोशांतून लॅटिन नांव मिळालें कीं, थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथासारखें पुस्तक उघडून, त्यांतील वर्णन हातांतल्या पानाफळांशीं ताडून पाहावें.

सीताफळाच्या बाबतींत ही ताडणी सोपी आहे. लिनीअसनें १७५३ सालीं त्यास 'अनोना स्क्वामोसा' आणि रामफळास 'अनोना रेटिक्युलाटा' अशीं नांवें दिलीं. पहिल्याचा अर्थ खवल्यांचें, दुसऱ्याचा जाळीदार. सीताफळाचे डोळे फुगीर असतात व फळ पिकलें म्हणजे त्यांच्यामधल्या खांचा रुंदावतात. रामफळाची साल पुष्कळ गुळगुळीत, पिकल्यावर तांबूस किंवा पिवळसर, आणि तिच्यावर जाळीच्या पुसट रेषा दिसतात. सीताफळ पावसाळ्याच्या अखेरीस येतें, रामफळ थंडी सरतांना. दोहोंतील एवढा भेद ध्यानांत ठेवणारास लॅटिन नांवांत चूक होणार नाहीं.

आतां या दोन फळांचीं इंग्रजी नांवें पाहूं. वेस्ट इंडीजमध्यें इंग्रजांनीं 'कस्टर्ड ॲपल' हें नांव रामफळास दिलें, आणि सीताफळास 'स्वीटसॉप' किंवा 'शुगर ॲपल' म्हटलें. हिंदुस्थानांत मात्र तेंच 'कस्टर्ड ॲपल' सीताफळास चिकटलें, व रामफळाच्या वांट्यास 'बुलक्स हार्ट' म्हणजे बैलाचें काळीज आलें. ऑस्ट्रेलियांत तर 'कस्टर्ड ॲपल' या नांवानें विकलें जाणारें फळ बहुधा सीताफळ आणि चेरिमोया यांच्या संकराचें असतें.

आणखी एक गंमत अशी कीं, राम आणि सीता हीं नांवें ऐकून हीं फळें रामायणकाळापासून येथलींच असावीं असें वाटतें. भरहुतच्या शिल्पांत सीताफळ कोरलें आहे असें जनरल कनिंगहॅम यांचें मत होतें, आणि यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालच्या आपल्या कोशांत या वादास बरीच जागा दिली आहे. शिल्पांतल्या दगडी फळावरून जात ठरविणें आम्हांस धाडसाचें वाटतें. हीं फळें मूळचीं अमेरिकेंतलीं, असाच वनस्पतिशास्त्रज्ञांचा निर्णय आहे. तीं हिंदुस्थानांत पोर्तुगीजांबरोबर आलीं कीं त्यापूर्वीं, एवढ्यापुरताच वाद अधूनमधून डोकें वर काढतो. बंगाल्यांत सीताफळास 'आता' म्हणतात, आणि ब्राझीलमध्येंहि त्याचें एक नांव 'आता' असेंच आहे. अशा वेळीं एखादें नांव किती जुनें वाटतें यापेक्षां तें आणखी कोठें कोठें आढळतें, हें पाहिल्यानें अधिक कळतें.

राम-सीतेनंतर लक्ष्मण आणि हनुमान यांच्याहि नांवांचीं फळें निघालीं, आणि तेथें मात्र कोशाचा इलाज चालत नाहीं. हनुमानफळ म्हणून कोणी चेरिमोया दाखवितो, तर कोणी मऊ कांट्यांचें, आंबट गराचें मोठें फळ दाखवितो. त्यास इंग्रजींत 'सावरसॉप' म्हणतात. लक्ष्मणफळाचीहि तीच गत आहे. अशा फळाचें इंग्रजी नांव कोणीं पत्रांतून विचारलें, तर फळाच्या सालीवर कांटे आहेत कीं नाहींत आणि गर आंबट आहे कीं गोड, एवढें आधीं उलट विचारून घ्यावें.