चक्रीय साठामोजणी

चक्रीय साठामोजणी ही दुकान, गोदाम किंवा भांडार यांतील मालाची पडताळणी वर्षातून एकदाच न करता, ठरावीक वेळापत्रकानुसार दररोज किंवा दर आठवड्याला थोड्याथोड्या वस्तू मोजून करण्याची पद्धत होय. प्रत्येक मोजणीत प्रत्यक्ष साठा नोंदवहीतील शिलकेशी ताडून पाहिला जातो आणि दोहोंत फरक आढळल्यास त्याचे कारण शोधले जाते. या फरकास 'तफावत' म्हणतात. प्रत्यक्ष माल कमी असल्यास ती 'तूट' आणि जास्त असल्यास 'वाढ' ठरते.

== वार्षिक मोजणीची मर्यादा ==

भारतात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने बहुतेक व्यापारी त्या सुमारास साठा मोजतात. ताळेबंदासाठी ही तारीख सोयीची असली, तरी चुका शोधण्यासाठी ती सोयीची असतेच असे नाही. बीड जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रे हे याचे बोलके उदाहरण आहे. कापूस व सोयाबीन ही जिल्ह्यातील खरिपाची प्रमुख पिके असून बियाणे व खतांची सर्वाधिक विक्री पावसाळ्याच्या आरंभी, जून व जुलै महिन्यांत होते. गर्दीच्या या दिवसांतच नोंदीच्या चुकाही अधिक होतात. जूनमधील चूक मार्चअखेरच्या मोजणीत उघड होते, तोपर्यंत नऊ महिने उलटलेले असतात. माल उतरवणारे हमाल, ट्रकचा चालक आणि काउंटरवरील माणूस यांपैकी कोणालाही तो दिवस आठवत नाही. मग कारण न शोधता केवळ आकडा दुरुस्त केला जातो आणि पुढील हंगामात तीच चूक पुन्हा घडते.

== वर्गीकरण आणि वेळापत्रक ==

सर्व वस्तू सारख्याच वेळा मोजणे आवश्यक नसते. प्रचलित पद्धतीत मालाचे तीन वर्ग पाडतात. वार्षिक उलाढालीच्या मूल्याचा मोठा भाग व्यापणाऱ्या मोजक्या वस्तू 'अ' वर्गात, मध्यम मूल्याच्या वस्तू 'ब' वर्गात आणि संख्येने पुष्कळ पण मूल्याने अल्प असलेल्या वस्तू 'क' वर्गात येतात. थोड्या घटकांवर बहुतांश मूल्य एकवटलेले असते, हे इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेतो यांच्या निरीक्षणाशी जोडले जाणारे तत्त्व या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे.

समजा, एका दुकानात ३०० प्रकारचा माल आहे. त्यांपैकी 'अ' वर्गातील ३० वस्तू दरमहा, 'ब' वर्गातील ६० वस्तू दर तिमाहीस आणि 'क' वर्गातील २१० वस्तू सहा महिन्यांतून एकदा मोजावयाच्या ठरल्या, तर वर्षभरात ३६० + २४० + ४२० म्हणजे १,०२० मोजण्या होतात. कामाचे दिवस ३०० धरल्यास रोज तीन ते चार वस्तू मोजाव्या लागतात. त्यासाठी दुकान बंद ठेवावे लागत नाही.

== मोजणीची रीत ==

मोजणी सकाळी विक्री सुरू होण्यापूर्वी करणे इष्ट असते. आदल्या दिवसापर्यंतची सर्व आवक व विक्री नोंदवून झाली आहे, याची आधी खात्री करतात. मोजणाऱ्याला नोंदवहीतील शिल्लक सांगितली जात नाही. अपेक्षित आकडा ठाऊक असल्यास मोजणी नकळत त्याच आकड्यावर येऊन थांबते. माल सांभाळणारी व्यक्ती आणि मोजणारी व्यक्तीही शक्यतो वेगळी असते.

गोण्यांची थप्पी मोजताना एका थरातील गोण्यांना पूर्ण थरांच्या संख्येने गुणतात आणि वरचा अपुरा थर स्वतंत्रपणे मोजतात. थप्पीच्या मध्यभागी पोकळी असल्यास हा हिशेब चुकतो, म्हणून थप्पी वरून व मागूनही पाहावी लागते.

== तफावतीचे निराकरण: एक उदाहरण ==

पुढील उदाहरण काल्पनिक असले, तरी त्यातील कारणे खतविक्रीत नेहमी आढळणारी आहेत. जुलैमधील एका सकाळी दुकानाच्या नोंदीप्रमाणे युरियाच्या २१२ गोण्या शिल्लक होत्या. प्रत्यक्षात पहिल्या थप्पीत १२ गोण्यांचे १० थर, म्हणजे १२०, आणि दुसऱ्या थप्पीत ७ थर व वर एक गोणी, म्हणजे ८५ भरल्या. एकूण २०५ गोण्या, अर्थात ७ गोण्यांची तूट.

पहिली पायरी म्हणजे दुसऱ्या व्यक्तीकडून फेरमोजणी. तिचेही उत्तर २०५ आले, म्हणून चूक मोजणीतील नव्हती. दुसऱ्या पायरीत मागील मोजणीनंतरचीच कागदपत्रे तपासण्यात आली. आदल्या दिवशी नेटवर्क नसताना हाती लिहून दिलेल्या एका पावतीवरील ५ गोण्यांची नोंद यंत्रात झालेली नव्हती. उरलेल्या २ गोण्यांचा उलगडा आवकीच्या चलनावरून झाला. चलन १०० गोण्यांचे होते, परंतु भिजलेल्या २ गोण्या ट्रकमधूनच परत पाठविल्याचा शेरा त्यावर होता. दुकानाच्या वहीत मात्र पूर्ण १०० गोण्या जमा धरल्या होत्या.

या दोन कारणांवरील उपाय वेगवेगळे आहेत. परत गेलेल्या गोण्यांसाठी आवकीची नोंद दुरुस्त करून घाऊक विक्रेत्याकडून तेवढी रक्कम वळती करून घ्यावी लागते. यंत्रात न नोंदलेल्या विक्रीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०१८ पासून देशभर अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवून नोंदवावी लागते आणि कंपन्यांना मिळणारे अनुदान त्या नोंदीवर अवलंबून असते. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या नावे नोंद करून आकडा जुळवणे हा गैरव्यवहार ठरतो. ज्याने खत नेले, त्या शेतकऱ्याच्याच नावे नोंद होणे आवश्यक आहे, आणि नोंदीशिवाय गोणी न देणे हाच कायमचा उपाय होय.

एका वस्तूत तूट आणि तिच्याशी साधर्म्य असलेल्या दुसऱ्या वस्तूत तितकीच वाढ आढळल्यास अदलाबदलीची शक्यता असते. डीएपीच्या जागी दुसऱ्या मिश्रखताच्या गोण्या दिल्या गेल्यास एकूण संख्या जुळते, पण दोन्ही शिलका चुकतात. म्हणून तूट व वाढ यांची परस्पर वजावट करून तफावत शून्य दाखवीत नाहीत.

== कायदेशीर संदर्भ ==

खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार विक्रेत्याने खतांचा दैनंदिन आरंभीचा साठा व दर दुकानात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. त्यामुळे फलक, पॉस यंत्र आणि गोदाम या तिन्हींतील आकडे जुळणे अपेक्षित असते. कंपन्यांसाठी २०२० च्या लेखापरीक्षक अहवाल आदेशानुसार साठ्याची पडताळणी वाजवी कालांतराने झाली का, तसेच कोणत्याही वर्गाच्या मालात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली का आणि तिची लेख्यांत योग्य दखल घेतली का, हे लेखापरीक्षकाने नमूद करावयाचे असते. हरवलेला, चोरीस गेलेला, नष्ट झालेला किंवा खात्यातून वजा केलेला माल असल्यास त्यावरील वस्तू व सेवा कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजेच कारण न शोधता तूट वजा करणे करदृष्ट्याही महागात पडते.

== मर्यादा ==

प्रत्येक आवक व विक्रीची नोंद त्या त्या दिवशी होत नसेल, तर ही पद्धत निरुपयोगी ठरते. ताडून पाहण्यासाठी विश्वासार्ह शिल्लकच उपलब्ध नसते. आरंभीची शिल्लक निश्चित करण्यासाठी एकदा संपूर्ण मोजणी करावीच लागते. चक्रीय मोजणीत तफावती सातत्याने नगण्य राहू लागेपर्यंत वार्षिक मोजणी बंद करणे धोक्याचे असते. याशिवाय, केवळ वस्तूंच्या यादीनुसार मोजणी केल्यास यादीत नसलेला माल, उदाहरणार्थ कोपऱ्यात ठेवलेल्या फाटक्या गोण्या किंवा मुदत संपलेली कीटकनाशके, कधीच मोजला जात नाही. यासाठी अधूनमधून जागेनुसार, म्हणजे एकेका कप्प्यातील वा खोलीतील सर्व माल मोजण्याचीही प्रथा आहे.