लोपचिन्ह, संयोगचिन्ह आणि प्रश्नचिन्हाआधीची फट

अजिंठ्याच्या लेण्यांचे माहितीपत्रक इंग्रजीतून फ्रेंचमध्ये उतरवताना, शब्दकोश हाताशी असलेला आणि व्याकरणही बऱ्यापैकी अवगत असलेला अनुवादक, ‘लेण्यांच्या प्रवेशद्वाराशी वाटाड्या मिळतो काय?’ हा प्रवाशाच्या तोंडचा साधा प्रश्न पुष्कळदा असा लिहून मोकळा होतो:

```
Y a t'il un guide à l'entrée des grottes de Ajanta?
```

या ओळीत एकही शब्द अस्थानी नाही आणि अर्थही पुरता पोचतो. तथापि शाळेत चार इयत्ता शिकलेल्या फ्रेंच माणसालाही ती वाचताच हे लेखन परक्या हातचे आहे अशी खूण पटते. फ्रान्समधील छापखान्याचा मुद्रितशोधक मसुद्यावर लेखणी चालवून तीच ओळ अशी करील:

```
Y a-t-il un guide à l'entrée des grottes d'Ajanta ?
```

एक लोपचिन्ह काढले, एक घातले, दोन आडव्या रेघा ओढल्या आणि प्रश्नचिन्हाच्या आधी अंमळ जागा सोडली, एवढाच काय तो दुरुस्तीचा तपशील. परंतु ही चिन्हे एका कुळातली नव्हेत. लोपचिन्ह जिभेच्या सवयीतून आले, या वाक्यातली संयोगचिन्हे व्याकरणकारांच्या निवाड्यातून आली, आणि ती फट शिशाच्या खिळ्यांमधून आली. म्हणूनच एक नियम पाठ करून तिन्ही चुका टळत नाहीत.

प्रथम लोपाविषयी. ‘ल’, ‘द’, ‘क’, ‘न’ असा उच्चार होणाऱ्या मोजक्या लहान शब्दांपुढे स्वराने आरंभ होणारा शब्द आला की त्यांचा अंत्य स्वर गळून पडतो आणि उरलेले व्यंजन पुढल्या शब्दाला चिकटते. ‘द’ आणि ‘आजांता’ मिळून ‘दाजांता’ होते. संस्कृतातील अवग्रहाशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला हे चिन्ह अनोळखी वाटू नये. मात्र तेथे संधीचे राज्य सर्व पदांवर चालते, आणि येथे मूठभर लहान शब्दांवरच. हा लोप बोलण्यात चिन्हाच्या कितीतरी शतके आधीपासून होता. जुन्या हस्तलिखितांत लेखक दोन्ही शब्द सरळ जोडून लिहीत, आणि त्या जोडलेखनाने काही शब्दांचे कूळच बदलले. लॅटिन ‘हेडेरा’, म्हणजे भिंतीवर चढणारी आयव्हीची वेल, हिच्यापासून ‘इएर’ हा शब्द झाला. त्याला लागलेले उपपद ‘ल’ लोकांना शब्दाचेच पहिले अक्षर वाटू लागले, वेलीचे नाव ‘लिएर’ असे कायम झाले, आणि आज फ्रेंच माणूस त्याच्यामागे आणखी एक उपपद लावतो.

ही सरमिसळ थांबवावी म्हणून पॅरिसचा मुद्रक जोफ्रुआ तोरी याने 1529 साली प्रसिद्ध केलेल्या ‘शां फ्लरी’ या ग्रंथात ग्रीक लेखनातले लोपचिन्ह फ्रेंचमध्येही वापरावे असा आग्रह धरला. पुढे लियों येथे एत्येन दोले या पंडित मुद्रकाने 1540 मध्ये एक छोटी पुस्तिका काढली, तिच्या विषयांची जोडणी प्रस्तुत प्रकरणी मोठी मार्मिक आहे: एका भाषेतून दुसरीत उत्तम अनुवाद कसा करावा, आणि त्याच बरोबर फ्रेंच भाषेची विरामचिन्हे व स्वराघात कसे लिहावेत. अनुवादकाचे काम शब्दांपाशी संपत नाही, हे त्याने मुखपृष्ठावरच नोंदवून ठेवले म्हणायचे. पुढे त्याच्यावर पाखंडाचे खटले झाले. त्यांत त्याने प्लेटोच्या नावे चालणाऱ्या एका संवादाच्या भाषांतरात, मृत्यूनंतर मनुष्य उरत नाही या आशयाच्या वाक्याला ‘काहीच नाही’ अशा अर्थाचे तीन शब्द पदरचे जोडले, हाही आक्षेप होता, आणि 1546 च्या ऑगस्टात पॅरिसच्या मोबेर चौकात त्याला देहांत शासन झाले. भाषांतरात पदरचे शब्द घालणाऱ्यांनी ही हकीगत ऐकून ठेवावी. शिक्षेचे प्रमाण आता पुष्कळ सौम्य झाले आहे.

लोपाच्या वाटेत खरा खड्डा ‘एच’ या अक्षराचा आहे. फ्रेंचमध्ये ते कधीच उच्चारले जात नाही, परंतु काही शब्दांत ते मुके राहूनही पहारा करते. लॅटिनमधून आलेले एच निर्जीव, त्यामुळे ‘ओतेल’ला लोप होऊन ‘लोतेल’. पण जर्मानिक बोलींतून आलेल्या शब्दांत एकेकाळी खरा हकार घुमत असे, आणि हकार विरला तरी त्याचा दरारा राहून ‘आव्र’ या बंदराच्या नावामागचे ‘ल’ अखंडच राहते. भारतीय नावांवर हा न्याय लावताना अनुवादकाची तारांबळ उडते. हिमालय फ्रेंचमध्ये फार दिवस रुळल्यामुळे त्याच्या उपपदाचा लोप होतो, पण जागतिक वारशाच्या फ्रेंच यादीत हंपीच्या आधीचे ‘द’ पूर्ण उभे आहे, तर अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी ही तिन्ही नावे त्याच यादीत लोपचिन्हासह छापली आहेत, कारण त्यांची रोमन रूपे स्वराने सुरू होतात. नाव नवे असेल आणि त्याच्या आरंभी एच असेल, तर ते नाव प्रतिष्ठित फ्रेंच प्रकाशनात कसे छापले आहे ते पाहावे. आपल्या कानावर विसंबू नये.

आता वाक्यारंभीचा ‘त’. येथे अनुवादकाचे लोपचिन्ह चुकते, आणि फ्रान्समधले लोकही पुष्कळदा ते याच जागी चुकवतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लॅटिन क्रियापदांच्या तृतीय पुरुषी एकवचनाच्या शेवटी ‘त’ असे. मध्ययुगात तो पुष्कळ क्रियापदांतून झडला, पण काहींच्या लेखनात टिकला आणि प्रश्नार्थी रचनेत, म्हणजे क्रियापद आधी व सर्वनाम मागाहून आले की, पुढच्या स्वरावर स्पष्ट ऐकू येऊ लागला. त्यांचे पाहून, जेथे तो झडला होता तेथेही लोक तो घालू लागले, कारण दोन स्वर एकमेकांवर आपटलेले कानाला खपत नव्हते. व्याकरणकार वोज्ला याने 1647 च्या आपल्या ‘रमार्क’ या ग्रंथात हा ‘त’ उच्चारावा आणि लिहावाही असा निवाडा दिला. तेव्हा हा ‘त’ कोणत्याही शब्दाचा अवशेष नव्हे. दोन स्वरांमध्ये बसवलेला तो निव्वळ ध्वनी आहे, आणि म्हणूनच त्याला दोन्ही बाजूंनी संयोगचिन्हांनी बांधतात. लोपचिन्ह लावले की त्या जागी ‘ते’ म्हणजे ‘तुला’ या सर्वनामाचा स्वर गळाला असा अर्थ होतो. ‘चालता हो’ या अर्थाच्या ‘वा-तां’ या आज्ञार्थात खरोखर तेच सर्वनाम असते, म्हणून तेथे लोपचिन्ह बरोबर. वाटाड्याची चौकशी करणाऱ्या वाक्यात मात्र ‘तुला’ कोठून येणार?

लोपचिन्ह आणि संयोगचिन्ह यांची अशीच अदलाबदल एका सुप्रसिद्ध शब्दात झाली, तीही अकादमीच्या हुकमाने. ‘ग्रां’ म्हणजे मोठा, हे विशेषण लॅटिनमध्ये पुल्लिंगी व स्त्रीलिंगी सारखेच होते, त्यामुळे जुन्या फ्रेंचमध्ये आजीला ‘ग्रां-मॅर’ म्हणताना त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लागत नसे. मागाहून तो प्रत्यय सर्वत्र रूढ झाला, आणि या जुन्या जोडशब्दांत तो दिसत नाही तेव्हा तो गळालाच असला पाहिजे, असे समजून लोकांनी तेथे लोपचिन्ह घातले. कधी नसलेल्या अक्षराचे ते श्राद्ध कित्येक पिढ्या चालले, आणि फ्रेंच अकादमीने 1932 साली निघालेल्या आपल्या कोशाच्या आठव्या आवृत्तीत ते बंद करून तेथे संयोगचिन्ह दिले. ब्रसेल्सचा मुख्य चौक नव्या रीतीने संयोगचिन्हासह लिहिला जातो. लील शहरात मात्र तशाच नावाच्या चौकाला जुने लोपचिन्ह अजून लावतात, आणि दोन्ही शहरांवर माहितीपत्रक करणाऱ्याने ते एकसारखे करू नये.

राहिली ती फट. हाताने खिळे जुळवण्याच्या काळी शब्दांमध्ये शिशाचे ठेंगणे तुकडे बसवीत. त्यांची उंची खिळ्यांहून कमी असल्यामुळे त्यांना शाई लागत नसे आणि कागदावर कोरी जागा उमटे. त्यांतला अगदी बारीक तुकडा अर्धविराम, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांच्या आधी घालण्याचा शिरस्ता होता, म्हणजे चिन्ह शेवटच्या अक्षराला घासत नसे. इंग्रज मुद्रकही अठराव्या व एकोणिसाव्या शतकात असेच करीत. विसाव्या शतकात त्यांनी तो सोडला, फ्रेंचांनी राखला. रिशल्यूने 1640 मध्ये लूव्र येथे स्थापलेल्या राजमुद्रणालयाचा वारसा चालवणाऱ्या शासकीय मुद्रणालयाच्या नियमावलीत तो आजही आहे. अपूर्णविरामाआधी आणि कोनाकृती अवतरणचिन्हांच्या आतल्या बाजूंना तर पूर्ण शब्दांतराएवढी जागा सांगितली आहे. मराठीत विरामचिन्हे मेजर कँडी यांच्या काळी इंग्रजीच्या वाटेने आली, त्यामुळे आपल्या टंकलेखकाचा हात प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटवूनच थांबतो, आणि फ्रेंच मसुद्यातही तेच घडते.

ही चूक सुधारताना दुसरी होते. टंकलेखक साधी मोकळी जागा सोडतो, ओळ कडेला भरली की यंत्र नेमके तेथेच तोडते, आणि प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीच्या आरंभी एकटे जाऊन बसते. माहितीपत्रकाचे स्तंभ अरुंद असल्याने हे वारंवार घडते. स्तंभाची रुंदी थोडी कमीजास्त करून पाहिले की तत्काळ उघडकीस येते. म्हणून न तुटणारी जागा वापरावी लागते. संगणकावर तिचा रुंद प्रकार `U+00A0`, आणि बारीक प्रकार `U+202F`. हा दुसरा 1999 मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत मंगोल लिपीच्या गरजेसाठी आला आणि फ्रेंच मुद्रकांनी तो आपलासा केला. काही जुन्या टंकांत तो नसतो, तेव्हा त्या जागी चौकट उमटते. असे दिसल्यास रुंद प्रकारावर भागवावे. सर्व अपूर्णविरामांआधी सरसकट जागा घालणारा आदेश मात्र चालवू नये, कारण माहितीपत्रकाच्या शेवटी दिलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्यातला अपूर्णविरामही त्या धडाक्यात सुटा होतो आणि पत्ता निकामी ठरतो.

हेच माहितीपत्रक मॉन्ट्रिअलच्या प्रवाशांसाठी छापायचे असेल तर लोपचिन्हे व संयोगचिन्हे जशीच्या तशी ठेवून प्रश्नचिन्हाआधीची फट तेवढी काढावी लागते, कारण क्वेबेकच्या रूढ रीतीत अर्धविराम, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटून येतात. अपूर्णविरामाआधीची आणि अवतरणचिन्हांच्या आतली जागा मात्र तेथेही पाळतात.