मुठीतले शस्त्र

कट्यारीची मूठ पात्याला आडवी, दोन समांतर पट्ट्यांमध्ये बसवलेली असते. ती धरली की पाते हाताच्या सरळ रेषेत येते, पट्ट्या मनगटाला आधार देतात आणि खांद्याचे बळ न मुरडता टोकाशी पोहोचते. वाघनखाची रीत उलटी. त्याच्या दोन कड्यांत तर्जनी व करंगळी अडकतात, नख्या तळव्याकडे वळतात. म्हणून बळ भोसकण्यात नव्हे, ओढून फाडण्यात लागते. शेल्यात खोचलेल्या कट्यारीची मूठ दिसतेच. मिटलेल्या मुठीतल्या वाघनखाची मात्र बाहेरून अंगठ्यांएवढीच खूण उरते. सभासदाच्या बखरीत १६५९ च्या प्रतापगडच्या भेटीत महाराजांच्या डाव्या हाती वाघनख आहे. त्यातला तर्क हाच: आलिंगनात ठोशाला अंतर उरत नाही, ओढायला पुरते.