सोन्याचा भाव, कोलारची खाण आणि घरातली पेटी

सोन्याचा भाव चढू लागला की कट्ट्यावर एक प्रश्न हमखास निघतो. भाव इतका वाढलाय, तर खाणवाले जास्त सोने का काढत नाहीत? कांद्याचा भाव वाढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, मग बाजारात माल येतो आणि भाव उतरतो. सोन्याचे तसे का होत नाही? या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इतिहासात जास्त स्पष्ट दिसते असे आम्हाला वाटते. त्यासाठी १९३१ सालात जावे लागेल. त्या वर्षी सोन्याचा भाव एकाएकी चढला. त्याला जमिनीखालच्या सोन्याने काय उत्तर दिले आणि जमिनीवरच्या सोन्याने काय दिले, हे आपल्याच देशात शेजारी शेजारी पाहायला मिळाले.

२१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णमान सोडला. पौंडाच्या बदल्यात ठरलेल्या भावाने सोने देणे बंद झाले आणि पौंड घसरला. आपला रुपया १ शिलिंग ६ पेन्स या दराने पौंडाला बांधलेला असल्यामुळे तोही पौंडाबरोबर खाली आला. रुपया उतरला म्हणजे रुपयातला सोन्याचा भाव चढला. १९२७ च्या चलन कायद्याने सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरवला होता. काही महिन्यांत बाजारभाव तिशीच्या घरात गेला आणि पुढच्या काही वर्षांत तिशीच्याही पुढे सरकला.

त्या काळी हिंदुस्थानातले जवळजवळ सगळे नवे सोने म्हैसूर संस्थानातल्या कोलारच्या खाणींतून येत असे. वर्षाचे उत्पादन दहाएक टन होते. भाव दीडपट झाल्यावर कोलारने किती जास्त सोने दिले? जवळजवळ काहीच नाही. सगळे दशक उत्पादन दहा टनांच्या आसपासच घोटाळत राहिले.

आता दुसरी बाजू पाहू. १९३१-३२ या आर्थिक वर्षात हिंदुस्थानातून सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने बाहेर गेले, आणि त्यातले बहुतेक सप्टेंबरनंतरच्या सहा महिन्यांत. तोळ्याला सरासरी २७ रुपये धरले तर हे २ कोटी १५ लाख तोळे होतात, म्हणजे सुमारे २५० टन. एवढे सोने काढायला कोलारला पंचवीस वर्षे लागली असती. घरांतल्या पेट्यांनी ते सहा महिन्यांत दिले. पुढच्या वर्षीही तेवढेच, किंबहुना थोडे अधिक सोने गेले.

हे सोने कुठून आले? १९२९ पासून शेतमालाचे भाव कोसळले होते. कापूस आणि ज्वारी मातीमोल झाली, पण शेतसारा आणि सावकाराचे व्याज रोख रुपयांतच भरायचे होते. त्याच वेळी सोन्याला मात्र चढा भाव मिळत होता. गावचा सोनार किंवा सावकार पाटल्या आणि गोठ विकत घेई, ते वितळवून तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे जात, तिथून मुंबईला आणि मुंबईहून आगबोटीने लंडनला. काहींनी चांगला भाव बघून खुशीने विकले, पण बरेच सोने अडचणीपोटी गेले. म्हणूनच त्याला त्या काळी संकटातले सोने म्हटले गेले. निर्यातीवर बंदी घाला अशी मागणी झाली, ती सरकारने मानली नाही.

तर प्रश्न असा की कोलारला हात का बांधल्यासारखे झाले?

पहिले कारण साध्या कामाच्या क्रमात आहे. कोलारचे सोने चॅम्पियन रीफ नावाच्या शिरेत होते. ही गारगोटीची अरुंद शीर तिरकी होऊन खोल खोल उतरत जाते. १९३० च्या सुमारास काम दोन किलोमीटरच्या खाली पोचले होते. अशा खोलीवर आणखी सोने हवे असेल तर आधी उभी विहीर, म्हणजे शाफ्ट, खाली न्यावी लागते. मग ठरावीक अंतरावर आडवे बोगदे शिरेपर्यंत न्यायचे. शिरेच्या अंगाने पुढे खणत जाऊन दगडाचे नमुने तपासायचे आणि कुठला भाग काढण्याजोगा आहे ते ठरवायचे. त्यानंतर कुठे सुरुंग लावून प्रत्यक्ष खनिज काढता येते. विहिरीच्या तळाशी मोजकीच माणसे मावतात, त्यामुळे दुप्पट मजूर लावले म्हणून ती दुप्पट वेगाने उतरत नाही. शिवाय या खोलीवर खडक तापलेला असतो, हवा वरून ढकलावी लागते, आणि वरच्या दाबाने खडक अचानक फुटतो. कोलारमध्ये अशा स्फोटांनी अनेक कामगारांचे बळी घेतले. घाई केली तर ती जिवावर बेतते.

दुसरे कारण असे की वरची यंत्रणा ठरावीक मापाची असते. विहिरीतून दिवसाला किती टन दगड वर येईल हे पाळण्यावर आणि इंजिनावर ठरते, आणि किती दळला जाईल हे गिरणीवर. भाव चढला म्हणून गिरणी मोठी होत नाही.

तिसरे कारण सर्वांत नवलाचे आहे. भाव चढला की खाणीचे सोने कित्येकदा कमी होते! हे एका हिशेबाने समजावून घेऊ. आकडे आम्ही सोयीसाठी गोल धरले आहेत. समजा, एक टन दगड काढून दळायला २१ रुपये खर्च येतो. सोने २१ रुपये तोळा असताना ज्या दगडात टनामागे एक तोळा सोने आहे तो जेमतेम खर्च भागवतो. त्याहून हलका दगड तिथेच सोडायचा. भाव ३० झाला की टनामागे ०.७ तोळा असला तरी परवडते. कालपर्यंत जो टाकाऊ दगड होता, तो आज खनिज ठरला.

आता गिरणी वर्षाला एक लाख टन दळते असे धरा. आधी सरासरी दीड तोळ्याचा दगड जात होता, म्हणजे दीड लाख तोळे सोने आणि साडेएकतीस लाख रुपये उत्पन्न. भाव वाढल्यावर व्यवस्थापक एक तृतीयांश दगड ०.८ तोळ्याचा मिसळतो. सरासरी १.२७ तोळ्यांवर येते. सोने निघते १ लाख २७ हजार तोळे, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी. पण ३० च्या भावाने उत्पन्न होते ३८ लाख.

तो सगळा चांगलाच दगड का दळत नाही? तसे केले तर या वर्षी नफा आणखी वाढेल हे खरे. पण हलका दगड चांगल्याच्या लगतच असतो. आज चांगला तेवढा उचलून पुढे गेले तर मागची पोकळी ढासळते आणि उरलेले सोने कायमचे गाडले जाते. दोन्ही एकत्र काढले तर खाण जास्त वर्षे चालते. वाढलेल्या भावाने खाणीचे आयुष्य वाढते, वर्षाचे उत्पादन वाढेलच असे नाही.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. त्या काळी जगातले सर्वांत जास्त सोने दक्षिण आफ्रिकेत निघे. त्या देशाने डिसेंबर १९३२ अखेर सुवर्णमान सोडला आणि तिथल्या चलनातही भाव उसळला. १९३२ मध्ये तिथे सुमारे ३६० टन सोने निघाले होते. १९३३ मध्ये ते ३४३ टनांवर आले आणि १९३४ मध्ये ३२६ वर. खाणी तोट्यात नव्हत्या, उलट भरभराटीत होत्या. त्या हलका दगड दळत होत्या. पुढे गिरण्या वाढल्या, नवे काम सुरू झाले, तेव्हा १९४० मध्ये उत्पादन ४३७ टनांपर्यंत चढले. म्हणजे भाव वाढल्यावर आधी दोन वर्षे उतरण आणि मग हळूहळू चढण.

नव्या खाणीला तर याहून वेळ लागतो. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला जमिनीखाली सोन्याची थर पुढे जाते हे १९३० नंतर रुडॉल्फ क्रामान या जर्मन भूशास्त्रज्ञाने चुंबकीय मोजणीने दाखवले. १९३२ मध्ये त्यासाठी कंपनी निघाली. पैसा होता, भाव होता, जागाही ठाऊक होती. पण वरच्या चुनखडीसारख्या खडकात पाणी इतके होते की विहीर खणताना भेगांत सिमेंट दाबून भरत भरत खाली जावे लागले. व्हेंटर्सपोस्ट ही त्या पट्ट्यातली पहिली खाण १९३९ मध्ये सोने देऊ लागली. त्याच पट्ट्यातल्या वेस्ट ड्रिफोंटेनला तर १९५२ उजाडले. मध्ये एक महायुद्ध येऊन गेले होते.

हेच १९७० नंतर पुन्हा घडले. ३५ डॉलर औंसाचा भाव जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला जाऊन भिडला, आणि त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेचे उत्पादन हजार टनांवरून पावणेसातशेच्या आसपास उतरले.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीचे. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चाललेली ही खाण पुढे बंद पडली होती. हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली ती १९४७ मध्ये, १९३१ च्या भाववाढीनंतर सोळा वर्षांनी. कोलार २००१ मध्ये बंद झाले, हट्टी आजही चालू आहे.

या सगळ्याचे मूळ सोन्याच्या स्वभावात आहे. गहू खाल्ला जातो, कोळसा जळतो, सोने मात्र गंजत नाही आणि संपतही नाही. माणसाने आजवर काढलेले बहुतेक सोने दागिना, वळे किंवा नाणे होऊन कुठे ना कुठे शिल्लक आहे. हा साठा आज दोन लाख टनांहून अधिक आहे आणि जगातल्या सगळ्या खाणी मिळून वर्षाला साडेतीन हजार टनांच्या थोडे वर सोने काढतात. म्हणजे शंभरात दोनही नाही. समजा, सगळ्या खाणींनी चमत्कार करून उत्पादन दहा टक्क्यांनी वाढवले, तरी साडेतीनशे टनच वाढतील. साठा धरून बसलेल्यांपैकी पाचशेत एकाने आपले सोने विकायला काढले तर त्याहून जास्त माल बाजारात येतो.

पण या साठ्यालाही मर्यादा आहे. तो विकाऊ म्हणून ठेवलेला नसतो. पहिल्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या बांगड्या भाव दहा टक्के चढला म्हणून कोणी मोडत नाही. उलट आणखी चढेल या आशेने लोक नवे घेतात. १९३१ मध्ये पेट्या उघडल्या त्या चढा भाव आणि रिकामा खिसा एकाच वेळी आले म्हणून. यातला नुसता भावच असता तर एवढे सोने निघाले नसते.

तेव्हा भाव का चढला आणि उतरेल का, हे पाहायचे तर खाणीच्या बातम्यांकडे फार बघून उपयोग नाही. खाण आज जे देते ते वीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाचे फळ असते. खरा प्रश्न असतो तो ज्यांच्याकडे सोने आहे ते ते धरून ठेवतात की सोडतात हा. १९३१ साली ते ज्यांनी सोडले, त्यांतल्या कित्येकांना ते परत घेता आले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी पणजीचा एखादा दागिना आजही आहे, त्यांच्या घराने ते वर्ष कसेबसे तारून नेले असे समजायला हरकत नाही.